उमरेडच्या दाखल्यावरचं प्रश्नचिन्ह

नागपुरातल्या एका नर्सिंग कॉलेजच्या ऑफिसात मी कागद तपासायच्या टेबलावर बसत होते, तेव्हाची ही गोष्ट. आठवली की आजही मला माझीच शिसारी येते.

माझ्याआधी त्या टेबलावर जे गृहस्थ होते, त्यांनी रिटायर होताना मला एकच गोष्ट शिकवली. दाखल्याची पीडीएफ उघडायची, डिजिटल सहीच्या जागी हिरवी टिक दिसली तर घ्यायचा, पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं तर परत. बस्स. मीही कधी काहून म्हणून विचारलं नाही. दोन वर्षं टिक बघून दाखले घेतले आणि स्वतःला मोठी तपासनीस समजत राहिले.

ॲडमिशनच्या पहिल्या फेरीचा शेवटचा दिवस होता. सकाळी उमरेडची एक मुलगी बापाला घेऊन आली. घराणं विणकरांचं, पण हातमाग आजोबांबरोबरच गेला होता. बाप गांधीबागेच्या बाजारात कापडाचे गठ्ठे उचलायचा, त्या दिवशी खाडा करून आला होता. मुलीला ओबीसीची जागा लागलेली, फक्त नॉन-क्रिमिलेयरचा दाखला पाच वाजेपर्यंत पास व्हायला हवा होता. नाही झाला तर ती खुल्या गटात जाणार, आणि खुल्या गटात तिचे मार्क पुरणार नव्हते. म्हणजे जागा गेलीच. हे तिला माहीत होतं, बापाला माहीत होतं आणि मलाही चांगलं माहीत होतं.

तिच्या पेनड्राइव्हमधली फाइल मी उघडली. एसडीओ, म्हणजे प्रांत साहेबांच्या सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह. मी पेनड्राइव्ह काढून तिच्यासमोर ठेवला आणि टिकवाला दाखला आण म्हणाले.

ती हलली नाही. शांतपणे म्हणाली, "मॅडम, दाखल्यात काही खोट नाही. एसडीओ साहेब नवीन आलेत, तुमचा कॉम्प्युटर त्यांना ओळखत नाही, म्हणून विचारून राहिला. त्याच्यावर क्लिक करून वाचा ना एकदा."

क्लिक करून वाचायला कितीसा वेळ लागला असता? पण मागे रांग होती, आणि कालची पोरगी मला माझं काम शिकवते याचाच मला झणका आला. तू मला शिकवणार का, असं मी सगळ्यांदेखत विचारलं. बोगस दाखले आणायचे आणि वर तोंड करून बोलायचं, असंही म्हणाले. बोगस हा शब्द माझ्याच तोंडातून निघाला. रांगेतल्या लोकांनी वळून बापाकडे पाहिलं. तो नुसता मान खाली घालून उभा होता.

दोघं बसने उमरेडला गेले. दाखला काढून देणाऱ्या सेतू केंद्रातल्या बाईंनी काय करावं? त्यांच्याकडे तीच फाइल, तीच खरी सही. त्यांनी पुन्हा तीच दिली. साडेचारला दोघं घामाघूम परत आले, मी फाइल उघडली, पुन्हा प्रश्नचिन्ह. दाखल्यावरचा नंबर सरकारी साइटवर टाकून पाहता आला असता, एसडीओ ऑफिसला एक फोन लावता आला असता. मी ऑनलाइन फॉर्मवर 'अपात्र' दाबलं आणि चहा मागवला. हो, चहा. तेही लक्षात आहे.

तिची जागा दुसऱ्या फेरीत दुसऱ्या कोणाला गेली.

पंधरा-वीस दिवसांनी स्कॉलरशिपचे फॉर्म आले. त्यात उमरेडकडच्या पाच मुलींचे नुकतेच काढलेले दाखले होते आणि पाचही सह्यांवर प्रश्नचिन्ह. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. अख्खं उमरेड तर बोगस असू शकत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मी प्रश्नचिन्हावर क्लिक केलं आणि आत काय लिहिलंय ते वाचलं. सही झाल्यानंतर या कागदात काहीही बदल झालेला नाही, असं आधी लिहिलं होतं. त्याखाली होतं की सही करणाऱ्याची ओळख पटत नाही, कारण विश्वासाच्या यादीत ना त्याचं प्रमाणपत्र आहे, ना त्याच्या वरच्या कोणाचं. एवढंच. कागदात फेरफार असता तर कॉम्प्युटरने तसं स्पष्ट सांगितलं असतं. इथे तर तो फक्त एवढंच म्हणत होता की हा माणूस कोण, मला कोणी सांगितलेलं नाही.

मग ती यादी उघडली. आमच्या रिटायर झालेल्या महाशयांनी काय करून ठेवलं होतं बघा! साहेबाच्या सहीचं प्रमाणपत्र एक कंपनी देते, आणि त्या कंपनीला सरकारचं सर्वांत वरचं, मूळ प्रमाणपत्र मान्यता देतं. ते मूळ एकदा यादीत टाकलं की त्याच्याखालचे सगळे आपोआप ओळखले जातात, साहेब कितीही बदलोत. यांनी मूळ टाकलंच नव्हतं. नागपूरचा एक साहेब, सावनेरचा एक, उमरेडचा एक, असे एकेक अधिकारी हाताने घातले होते. उमरेडच्या जुन्या साहेबांची बदली झाली आणि नवा साहेब आमच्या कॉम्प्युटरला परका झाला. मी दोन वर्षं ज्या हिरव्या टिकच्या जोरावर मिरवत होते, ती एका माणसाच्या आळसाची टिक होती.

सरकारी साइटवरून मूळ प्रमाणपत्र घेतलं, त्याच्या ओळखीची लांबलचक आकडे-अक्षरं सरकारने जाहीर केलेल्यांशी एकेक करून जुळवली, यादीत टाकलं आणि सह्या पुन्हा तपासायला लावल्या. पाचही हिरव्या. मग मी त्या मुलीची फाइल उघडली, ती माझ्याकडे कॉपी होऊन राहिली होती. तीही हिरवी.

मी ऑफिसच्या मोठ्या साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? हे अजून कोणाला सांगितलं का. जागा भरली, आता उकरून काढू नका, उमेदवाराने वैध दाखला सादर केला नाही असं रेकॉर्डला आहे ते तसंच राहू द्या. वर माझ्याकडे पाहून म्हणाले, नाहीतर चौकशी तुमच्याच टेबलावर येईल. त्यांचा मला संताप आला, पण मी मान डोलावली आणि बाहेर आले.

आठवड्याने ती मुलगी ओरिजिनल मार्कशीट न्यायला आली, एकटीच. मी कागद दिले आणि आवाज खाली करून सांगितलं की तुझा दाखला बरोबर होता, चूक आमच्या कॉम्प्युटरची होती. मला वाटलं ती रडेल, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "मॅडम, बाबा अजून सेतूवाल्या बाईशी बोलत नाहीत. तिनं फसवलं म्हणतात. मोहल्ल्यातले लोक म्हणतात, यांनी पैसे देऊन खोटा कागद काढला. ॲडमिशन तर गेलंच, ते नका देऊ. फक्त दाखला खरा होता, एवढं लिहून द्या. बाबांना दाखवतो."

एक ओळ मागत होती ती. कॉलेजचं लेटरहेड माझ्या ड्रॉवरमध्ये होतं, शिक्का टेबलावर होता.

मी म्हणाले, साहेबांना विचारून सांगते.

ती समोरच्या बाकावर जाऊन बसली. मी साहेबांच्या केबिनकडे गेलेच नाही, मागच्या स्टोअररूममध्ये जाऊन उगाच फाइली इकडच्या तिकडे करत राहिले. तासाभराने डोकावून पाहिलं तर ती तशीच बसलेली, मार्कशीटची पिशवी मांडीवर घेऊन. ऑफिस बंद व्हायच्या वेळी शिपायाने तिला उठवलं, आणि मी मागच्या दाराने घरी गेले.