पांढरी गोळी आणि आमची अक्कल

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर म्हणून नोकरीला लागून मला तिसरं वर्ष होतं, आणि आपल्याला सगळं कळतं असा माझा ठाम समज होता. बाह्यरुग्ण विभागात एक साठीची बाई आली. चेहरा पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल, हातपाय मात्र काडी. कातडी इतकी पातळ की धक्का लागला तरी जांभळे डाग उठत. गुडघेदुखीसाठी दोन वर्षं ती एका गुडघेवाल्याकडून रोज गोळी घेत होती. कागदाच्या पुडीत बांधलेली, पाकीट नसलेली पांढरी गोळी. हा माणूस स्वतःला डॉक्टर म्हणवायचा; त्याची पदवी कुणी पाहिली नव्हती आणि कुणी मागितलीही नव्हती.

"घेतली की लई बरं वाटतंय बघा, बाई," ती म्हणाली. "चालता येतंय."

बरं वाटणारच. ते स्टेरॉइड होतं. मागे साठ माणसं उभी होती. मी पुडी टेबलावर आपटली आणि म्हणाले, "हे विष आहे, मावशी. विष!"

पुढचं वाक्य, म्हणजे 'पण एकदम बंद करू नका', मी बोललेच नाही. कंपाउंडरनं पुढचा पेशंट आत ढकलला होता.

बाईचा मुलगा गावचा पुढारी. पांढरे कपडे, दोन मोबाईल, मागे चार माणसं. आईनं 'विष' हा शब्द घरी नेला आणि या गड्यानं त्याच दिवशी सगळ्या पुड्या विहिरीत टाकल्या. वर चावडीवर सांगत फिरला की मायला आपण विषातून सोडवलं. ज्या बाईला दोन वर्षांत एकदाही त्यानं मोठ्या डॉक्टरकडे नेलं नव्हतं, तिला.

पाचव्या दिवशी दुपारी त्यानं तिला गाडीतून आणलं. दोन दिवस ताप, उलट्या, अंगात उभं राहायचं त्राण नाही. रक्तदाब सत्तरवर, साखर घसरलेली, डोळे अर्धवट मिटलेले. दोन बाटल्या सलाईन चढवूनही दाब वर येईना.

"त्या पुड्या एकदम बंद केल्या का?" मी विचारलं.

"बंद केल्या की. तुमीच सांगितलं ना विष हाय म्हणून? आता मायला काय झालं तर बघा मग!" चार माणसांनी माना हलवल्या. माना हलवण्यासाठीच आणली होती ती.

मला त्याची किळस आली, आणि त्याच क्षणी स्वतःचीही. पुडीत स्टेरॉइड होतं असं त्याला सांगून सिस्टरला मी हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे स्टेरॉइडचंच, इंजेक्शन भरायला सांगितलं. शिरेतून ते दिलं, ग्लुकोज लावलं.

"कावून देताय हे?" त्यानं विचारलं. "हे बी स्टेरॉइडच ना?"

"तेच. तिच्या अंगात ते उरलेलंच नाही म्हणून."

त्याला कळेना. मी विचारलं, "बैल दोन वर्षं दावणीला बांधून ठेवला तर एका सकाळी उसाची गाडी ओढेल का?"

"न्हाई. बसंल खाली."

"मूत्रपिंडावर दोन छोट्या ग्रंथी असतात. आजारपणात, धावपळीत लागणारं संप्रेरक त्या बनवतात, आणि मेंदू त्यांना 'बनवा' म्हणून निरोप धाडतो. गोळीतून रोज आयतं मिळायला लागलं की मेंदू निरोप धाडायचा थांबतो. ग्रंथी आक्रसतात. अशात तुम्ही एका दिवसात गोळी तोडली, वर ताप आला. ताप आला की शरीर जास्त मागतं. तिच्याकडे द्यायला काहीच नव्हतं."

"मग विष कावून म्हनलात?"

"चुकलं माझं," मी म्हणाले. तो समाधानानं मागे वळला आणि माणसांना म्हणाला, "बघा, कबूल केलं." त्याला तेवढंच हवं होतं.

संध्याकाळपर्यंत रक्तदाब शंभरवर आला. बाईनं डोळे उघडले आणि चहा मागितला. मुलाकडे बघायच्याही आधी.

पुढे नऊ महिने मी तिला स्टेरॉइडची गोळी मोजून दिली आणि तिचा डोस उतरवत नेला. आधी भराभर, मग फार हळू. शेवटी तर अर्धी गोळी कमी करायलाही महिना. मध्येच अंग दुखायचं, गळून जायची, म्हणायची, "पुन्हा तीच द्या की, लेकरा." ताप आला तर डोस दुप्पट करायचा, उलटी झाली तर थेट इथं यायचं, हे मी तिच्या सुनेकडून पाठ करून घेतलं. मुलाकडून नाही. त्याला सभा असत. शेवटी सकाळच्या रक्ततपासणीत तिचं स्वतःचं संप्रेरक पुरेसं निघालं. गुडघे दुखतच होते. त्यावर व्यायाम आणि साधी औषधं. चंद्र उतरला, खालचा हाडकुळा, हुशार चेहरा दिसू लागला.

मुलगा सगळीकडे सांगतो की मायला सलाईननं वाचवलं.

गुडघेवाल्याविरुद्ध मी लेखी तक्रार दिली. चौकशीला आलेल्या साहेबांनी त्याच्याकडे चहा घेतला, आणि जाताना आपल्या बायकोच्या गुडघ्यांसाठी एक पुडी नेली.