एक रेघ आणि दोन सह्या

“पुसलं म्हणजे चालवलं होत नाही, डॉक्टर.”

पुष्पावतीचं हे वाक्य आठवलं की डॉक्टर राधाकृष्णांच्या कपाळावर अजून आठी उमटते. संगमनेरच्या त्यांच्या छोट्या दवाखान्यात ती रक्त-लघवी तपासायची. बाहत्तर साली पुण्याच्या मोठ्या इस्पितळाने प्रयोगशाळेसाठी माणूस मागवला. तिथे ती गेली तर तिच्या हाताचं चीज होणार होतं. इथे राहिली तर त्या कोंदट खोलीतच म्हातारी होणार होती. डॉक्टरांना ती जायला हवी होती, आणि ती गेल्यावर आपलं कसं होणार या विचाराने त्यांची चिडचिडही होत होती.

अर्जासोबत कामाचा गोषवारा हवा होता. तिने लिहिला तो अगदी कोरडा. यंत्रं: मायक्रोस्कोप, कलरिमीटर, सेंट्रिफ्यूज, ऑटोक्लेव्ह. अचूकता: साखर तपासताना प्रत्येक खेपेला साखरेचं प्रमाण आधीच माहीत असलेला स्टँडर्ड नमुना सोबत लावते, त्याचा आकडा चुकला तर सगळी खेप पुन्हा करते. सुरक्षितता: थुंकीचे नमुने जंतुनाशक कार्बोलिकमध्ये ठेवून मग जाळते, पिपेटच्या काचनळीत नमुना तोंडाने ओढते, पण नळीच्या वरच्या टोकाला कापूस घालून.

“तोंडाने ओढता हे कशाला सांगता? रबरी फुग्याने म्हणा.”

“फुगे मागून मागून थकले मी.”

डॉक्टरांनी विषय बदलला. पण टायपिस्ट गहिनीनाथला सांगून त्यांनी यंत्रांत एक नाव वाढवलं: फ्लेम फोटोमीटर. रक्तातलं सोडियम-पोटॅशियम मोजणारं ते यंत्र देणगीत आलं होतं. त्याला हवा देणारा कॉम्प्रेसर मागाहून येणार होता, तो आलाच नाही. पुष्पावती दर शनिवारी यंत्रावरची धूळ पुसायची, एवढंच. आणि पुण्याच्या जाहिरातीत नेमकं तेच पहिलं होतं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी ती पिशवी घेऊनच कागद न्यायला आली. खाली डॉक्टरांची सही झाली होती. तिने उभ्याउभ्याच वाचलं.

“हे कुणी घातलं?”

“मी. एका दिवसात शिकाल तुम्ही.”

“शिकले की लिहीन.” आणि मग ते वाक्य.

“अहो पुष्पाबाई, तिथे काय ज्योत पेटवून दाखवा म्हणणार आहेत?”

“म्हणाले तर?”

“तर बसा इथेच थुंकी जाळत.” डॉक्टरांनी हाक मारली, “गहिनीनाथ, पुन्हा टाइप कर बाबा.”

“रिबिन फाटलीय साहेब. सोमवारबिगर न्हाई जमायचं,” तो बाहेरूनच म्हणाला.

तिने डॉक्टरांचं पेन उचललं. प्रयोगशाळेच्या वहीत चुकलेला आकडा खरवडायचा नसतो. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. पहिल्या दिवशी डॉक्टरांनीच तिला हे शिकवलं होतं. तिने फ्लेम फोटोमीटरवर रेघ ओढली, शेजारी सही केली.

“खाडाखोड केलेला कागद. बघणार नाहीत ते ढुंकून.”

तिने कागद त्यांच्याकडे सरकवला. वर पेन ठेवलं.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं. मग दात आवळून, निब कागदात रुतेल इतक्या जोरात, तिच्या सहीखाली सही केली.

तिने शाईवर फुंकर घातली, कागद पिशवीत ठेवला आणि पुण्याची गाडी गाठायला बाहेर पडली.