दोनदा दाबलेलं बटण

वागळे इस्टेटमधल्या रंगाच्या कारखान्यात मी कॉम्प्युटरवाला होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि कॉम्प्युटरवाल्याला सगळे सर म्हणायचे, त्यामुळे माझं डोकं जरा जास्तच वर होतं. कल्याणच्या डेपोतून ऑर्डरी आधी फोनवरून ओरडून यायच्या. मी प्रोग्राम लिहिला. डेपोत फॉर्म भरायचा, ‘पाठवा’ बटण दाबायचं, आणि टेलिफोन लाइनवरून ऑर्डर थेट आमच्या मशीनवर.

डेपोत ऑर्डरी घ्यायला विठ्ठलवाडीची एक बाई होती. चाळिशीची, टायपिंगमधून आलेली, तीन वर्षं टेम्पररी. कायम होण्याचं पत्र त्या महिन्यात यायचं होतं. नेमक्या त्याच महिन्यात एका शाळेसाठी बनवलेला हिरवा रंग दुप्पट निघाला. मग एका दवाखान्याचा फिका निळा. नेहमीचे रंग दुप्पट निघाले तरी गोदामातून खपून जातात, पण गिऱ्हाइकाच्या शेडप्रमाणे कालवलेला रंग दुसऱ्या कुणाला खपत नाही.

मॅनेजरसाहेबांनी मला विचारलं, "कॉम्प्युटरची चूक आहे का?"

"साहेब, कॉम्प्युटर चुकत नाही. दोन ऑर्डरी आल्यात म्हणजे त्यांनी दोनदा पाठवल्यात."

बाई समोरच उभ्या होत्या. "सर, मी एकदाच पाठवलीय," एवढंच म्हणाल्या. मी छापील कागद पुढे केला. त्यावर त्या निळ्या रंगाच्या दोन नोंदी होत्या. साहेबांनी त्यांच्याकडून हलगर्जीपणाचा माफीनामा लिहून घेतला आणि त्यांना घरी बसवलं. मला वाईट वाटलं का? खरं सांगतो, नाही. माझा प्रोग्राम सुटला याचंच बरं वाटलं.

आठ दिवसांनी त्यांच्या जागी बसवलेल्या डेपोतल्याच पोराला फॉर्म शिकवायला मी कल्याणला गेलो. त्याने माझ्यादेखत फॉर्म भरला, माउसचा बाण ‘पाठवा’वर नेला आणि टक-टक, दोनदा दाबलं.

"अरे, दोनदा का दाबलंस?"

"सर, डेपोच्या ट्रेनिंगला तुम्हीच सांगितलेलं ना, टक-टक केल्याशिवाय काही उघडत नाही."

सांगितलं होतं. पडद्यावरची चित्रं उघडायला दोनदा दाबायचं, हे मी सगळ्यांकडून घोटून घेतलं होतं. बटणाला एकदाच पुरतं, हे सांगायचं राहिलं होतं. मी कारखान्यात फोन लावला. तिथल्या माणसाने सांगितलं, एकाच रंगाच्या दोन ऑर्डरी पडल्यात. परत आल्यावर जुना कागद काढला. बाईंच्या दोन्ही नोंदींची वेळ एकच होती, सेकंदासकट. बारा रकान्यांचा फॉर्म कोण माणूस एका सेकंदात दुसऱ्यांदा भरेल? तो कागद मीच साहेबांपुढे धरला होता आणि वेळेचा रकाना वाचलाही नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि इथे तर चोरच साक्षीला उभा होता.

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आधी प्रोग्राम नीट कर. मग त्यांना बोलावू."

त्याच दिवशी बटण असं केलं की पहिल्या दाबण्याला ते करडं पडेल आणि नवा फॉर्म उघडेपर्यंत दाबलंच जाणार नाही. वाटलं, संपलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा दोन. या वेळी ऑर्डर आमच्याकडे पोचली होती, पण पोच परत जाताना लाइन तुटली. पोराला वाटलं गेलीच नाही, म्हणून त्याने नवा फॉर्म भरून पुन्हा पाठवली. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

मग प्रत्येक फॉर्मला उघडतानाच स्वतःचा एक नंबर दिला. पोच येईपर्यंत फॉर्म त्या नंबरासकट डेपोच्या मशीनवर राहायचा, पुन्हा पाठवला तरी नंबर तोच. आमचं मशीन आधी बघायचं, हा नंबर नोंदलाय का? असेल तर नवी ऑर्डर न करता आधीचीच पोच परत द्यायचं. एक नंबर दोनदा नोंदायची सोयच ठेवली नाही. आम्ही मुद्दाम तार उपटून एकच फॉर्म पाच वेळा पाठवला. ऑर्डर एकच पडली.

बाईंना बोलवायला मी स्वतः विठ्ठलवाडीला गेलो. माफीनामा साहेबांनी फाडला होता, कायमचं पत्र माझ्या खिशात होतं. मी सगळं सांगितलं, ट्रेनिंगसकट. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"ताई, तुम्ही एकदाच पाठवली होती. मग माफीनामा का लिहून दिलात?"

"तुम्ही म्हणालात ना, कॉम्प्युटर चुकत नाही. मला वाटलं, मीच पाठवली असेल आणि विसरले असेन. माझ्या आईला शेवटी असंच व्हायचं." त्यांनी फळीवरून एक केसपेपर काढला. "डोक्याच्या डॉक्टरकडे जाऊन आले, सर. गोळ्या चालू आहेत."