लपवलेला गायक

आमच्या अण्णांचा आवाज एका गाण्यात आहे. नाव कुठेच नाही, नुसता आवाज. बसचे कंडक्टर होण्याआधी माझे वडील दोन वर्षं एका गायन पार्टीत कोरसला होते. त्या पार्टीच्या गायकाची जयंतीच्या गाण्यांची कॅसेट निघाली, तिच्यात मागच्या चार आवाजांत एक अण्णांचा. दुसऱ्या कडव्यानंतर कोरस वर चढतो, तिथे एक आवाज बाकीच्यांच्या किंचित आधी सुटतो. "तो मी," अण्णा दरवेळी सांगतात. खरं तर ती चूक, पण आमच्या घरात तिचं केवढं कौतुक.

आम्ही बौद्ध. मी घाटकोपरला, विहाराच्या मागच्या गल्लीत वाढलो. अण्णा अजून तिथेच राहतात. मी दिंडोशीला फ्लॅट घेतला, नोकरी अंधेरीला. माझ्या आडनावावरून ऑफिसात कुणाला काही कळत नाही, आणि मीही कधी कळू दिलेलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

अण्णांना गाण्यांचं अ‍ॅप मीच दिलं. व्हिडिओवर गाणी लावली की मध्येच साबणाची जाहिरात यायची आणि ते चिडायचे. म्हणून माझं बिनजाहिरातीचं खातं त्यांच्या फोनवरही उघडून दिलं, त्यांच्या गायकाच्या गाण्यांची यादी करून दिली. खातं एकच, त्यामुळे त्यांनी तिकडे गाणं लावलं की माझं इकडे बंद पडायचं. त्याचं काही नाही. पण अ‍ॅप बिचारं आम्हा दोघांना एकच माणूस समजायचं. अण्णा रोज सकाळी तासभर जे ऐकायचे, ते माझ्या आवडीत जमा व्हायचं.

आमच्या ऑफिसात शुक्रवारी दुपारनंतर टेबलावर स्पीकर असतो आणि पाळीपाळीने एकेकाचा फोन जोडतात. त्या शुक्रवारी पाळी माझी होती. मी निवडलेली गाणी संपली आणि अ‍ॅपने आपल्या मनाने पुढचं लावलं. ढोलकी, हार्मोनियम आणि अण्णांचा गायक.

"आयला, हे काय रे? मिरवणूक निघाली का?" एक जण म्हणाला. सगळे हसले. वाईट मनाने नव्हे, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

"तू ऐकतोस हे?" शेजारच्या मुलीने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं असावं.

"नाही यार, अ‍ॅप काहीही लावतं," मी म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण चोराच्या मनात चांदणं. मी सगळ्यांसमोर फोन उचलला, गायकाच्या पानावर गेलो, तीन टिंबं दाबली आणि 'या कलाकाराची गाणी वाजवू नका' हा पर्याय निवडला. गाणं दुसऱ्या कडव्याच्या आतच तुटलं. कोरसपर्यंत पोहोचलंच नाही. कुणीतरी "झकास" म्हणालं, आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

खातं एकच आहे हे माझ्या लक्षात नव्हतं, असं मी म्हणू शकतो. संध्याकाळी मेट्रोत लक्षात आलं होतं. ती बंदी उद्या काढू म्हटलं. आणि मग अ‍ॅप आवडीवरून जुळवून देतं ते माझे मिक्स इतके साफ येऊ लागले की उद्या काही उजाडेना.

चार-पाच दिवसांनी अण्णांचा फोन आला. "अरे, गाणी गेली. यादीत नावं दिसतात, पण फिकट. दाबलं की इंग्रजीत काहीतरी येतं आणि वाजत नाही. बाकीच्यांची वाजतात. त्यांचीच तेवढी गेली."

एप्रिल लागला होता. जयंतीच्या आधी आठवडाभर विहारात रोज सकाळी गाणी लागतात, आणि यंदा ते काम कमिटीने अण्णांकडे दिलं होतं. कारण जाहिराती न येणारा फोन गल्लीत त्यांचाच. ते फोन घेऊन मोबाइल रिपेअरवाल्याकडेही जाऊन आले होते. त्याने म्हणे सांगितलं, "काका, कंपनीनेच काढली असतील."

अण्णांना ते पटलं. आयुष्यभर या ना त्या कारणाने त्यांची गाणी कुणी ना कुणी बंद करायला लावलेलीच होती. "आपलीच बरी सापडतात यांना," ते म्हणाले. "कमिटीत मी विषय काढलाय. अर्ज करायचा. इंग्रजीत पाहिजे. तू लिही."

फोनवरच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "लिहितो."

आणि लिहिला की! रविवारी घाटकोपरला जाऊन, अण्णांसमोर बसून. ते मराठीत सांगत होते, मी इंग्रजीत टाइप करत होतो. "आमच्या समाजाच्या भावना," ते म्हणाले, मी लिहिलं. "ज्याने कुणी हे केलं त्याला जाब विचारावा," ते म्हणाले. तेही लिहिलं. खाली कमिटीच्या सात जणांच्या सह्या झाल्या, आठवी माझी. अर्ज कुठेही पाठवला नाही. पाठवला असं सांगितलं.

गायकाचं पान उघडून तीच तीन टिंबं दाबली की काम झालं असतं, दोन सेकंदांचं. पण लगेच गाणी परत आली तर संशय येईल, म्हणून मी तीन दिवस थांबलो. त्या तीन दिवसांत विहाराचा भोंगा मुका होता; दुसऱ्या कुणाची गाणी लावायला अण्णा तयार नव्हते. अण्णा सकाळी आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून तिथे जायचे, फोन जोडून बघायचे आणि परत यायचे. हे मला आईने सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी दिंडोशीला पलंगावर बसल्या बसल्या गायकाला मोकळं केलं. दहा मिनिटांत फोन आला. मागे कोरस चालू होता. "आलं रे!" अण्णा ओरडत होते. "कंपनी झुकली! तुझा अर्ज लागू पडला!"

जयंतीच्या संध्याकाळी विहारात माझा सत्कार झाला. अध्यक्षांनी पुस्तक दिलं, म्हणाले, शिकलेली मुलं समाजाला विसरत नाहीत. अण्णा पहिल्या रांगेत होते. टाळ्या वाजल्या, तेव्हा त्यांची पहिली टाळी बाकीच्यांच्या आधी वाजली. त्यांना सवयच आहे. मी पुस्तक छातीशी धरून हात जोडले आणि खाली उतरलो. बोलायला माईक समोर होता.

पुढच्या महिन्यात मी अण्णांना त्यांच्या नावाचं वेगळं खातं काढून दिलं. यादी पुन्हा केली, त्यांच्या गायकाचं गाणं सगळ्यात वर ठेवलं. त्यांना भरून आलं. गल्लीत सांगत फिरले, पोराने स्वतंत्र खातं दिलं.

"आता माझी गाणी कुणी काढणार नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही अण्णा."

ते खरंच आहे. त्यांची गाणी आता माझ्याकडे येतच नाहीत. शुक्रवारी माझी पाळी आली की मी निर्धास्त फोन जोडतो. काही लपवावंही लागत नाही.