सात हजार पिशव्या

तुमसरच्या बाजारातले तांदळाचे व्यापारी भोजराजभाऊ यांनी हातसडीचा तांदूळ किलोकिलोच्या पिशव्यांत भरून मोबाइलवरून विकायला काढला. पिशवी स्वस्त पडते म्हणून एकदम दहा हजार छापल्या. पिशवीवर स्वतःचा हसरा फोटो. दोन वर्षांत तीन हजार खपल्या, तरी भाऊ हसतच होते.

शेवटी बायकोने, रेणूने, हिशेब मांडला. "महिन्याले अडीच हजार सुटतात. दीड हजार जाहिरातीत जातात. गोदामाचा कोपरा अडला, त्याचं भाडं सहाशे. राहिले चारशे. त्यासाठी तुमी रोज दोन तास गिऱ्हाइकांशी फोनवर बोलून राहिले. तासाले सात रुपयेबी नाही पडत. बंद करा."

"बंद कसं करू? सात हजार पिशव्या वाया जातीन ना!"

"म्हणजे पिशव्या संपवाले तांदूळ विकून राहिले का तुमी?"

एवढ्या अवघड प्रश्नानंतर तिसऱ्या दिवशी भाऊंनी जाहिरात आणि पिशव्यांची विक्री बंद केली. गोदामाच्या त्या कोपऱ्यात तांदळाची कणी विकायला ठेवली. ना फोटो, ना जाहिरात; आठवड्यात संपली.

परवा रेणूने दळणासाठी उरलेल्या पिशव्यांतली एक घेतली. भाऊ ओरडले, "जपून वापर, महागाची आहे!"