दहा जनावरांचा खड्डा

गोबरगॅस बांधण्यात मिस्त्रीचा हात कुणी धरू शकत नसे. त्याची एक खोड होती. टाकीचं माप काढण्याआधी तो गोठ्यात सकाळी काटा घेऊन उभा राहायचा, शेण उचलणाऱ्या बाईला रोज किती भरतं ते विचारायचा आणि शेण स्वतः तोलायचा. घरमालक काय सांगतो याला त्याच्या लेखी काडीची किंमत नव्हती. "माणूस स्वतःचं वजन कमी सांगतो आणि जनावरांच्या शेणाचं जास्त," असं तो म्हणायचा.

लेकीच्या सासरी मात्र त्यानं काटा पिशवीतून काढलाच नाही. व्याह्यांच्या दारात उभं राहून व्याह्यांचाच शब्द तोलायचा? जिभेवर आलं तरी गिळावं लागतं. तो गेला होता तेव्हा दिवेलागणीची वेळ होती, दहाच्या दहा जनावरं दावणीला होती. व्याही मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "शंभर किलो शेण धरा, व्याहीबुवा. कमी नाही." मिस्त्रीनं मान डोलावली. शंभर किलो शेण, तेवढंच पाणी, म्हणजे रोज दोनशे लिटर काला. तो चाळीस दिवस आत मुरला पाहिजे, म्हणून आठ हजार लिटरची टाकी. हिशेब चोख होता, फक्त पाया हवेत होता.

हा गॅस लेकीनं हट्टानं मागितला होता. सासूचा दमा चुलीच्या धुरानं बळावला होता. "माझ्या बाबांना बोलावते, धूर कायमचा जाईल," असं ती घरात सगळ्यांसमोर बोलून बसली होती. गॅस नीट पेटला नाही तर तिला जन्मभर ऐकावं लागणार होतं, आणि सासूचा खोकला होता तिथंच राहणार होता.

खड्ड्याच्या तळाचं काँक्रीट ओतायच्या दिवशी मिस्त्री भर दुपारी गोठ्यात पाणी आणायला गेला. गोठा रिकामा! दहाही जनावरं माळावर चरत होती. जे शेण दिवसभर माळावर पडतं, ते टाकीत कसं येणार?

बाहेर मजुरांनी माल कालवला होता, तो तासाभरात आवळून घट्ट व्हायला लागणार होता. मिस्त्री व्याह्यांकडे गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "जरा थांबावं लागेल. टाकी मोठी होतेय बहुतेक."

"मोठी झाली तर बिघडलं काय?" व्याह्यांचा आवाज मजुरांपर्यंत गेला. "पाणी जास्त ओता, भरेल टाकी."

"टाकी भरेल, पण गॅस शेणातून येतो, पाण्यातून नाही. काला फार पातळ झाला की शेण तळाशी बसतं. आणि टाकीवरच्या एवढ्या मोठ्या घुमटात थोडा गॅस जमला तर दाब येत नाही. शेगडी नुसती फुरफुरेल."

"म्हणजे मी खोटं बोललो?"

मजुरांची फावडी थांबली. लेक ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. आता गप्प बसलं तर व्याह्यांचा मान राहणार होता, पण पोरीचं वाटोळं होणार होतं. त्यानं व्याह्यांकडे पाठ केली आणि वीस वर्षांत प्रत्येक घरी विचारलेला प्रश्न इथं पहिल्यांदा विचारला.

"पोरी, शेण तू उचलतेस ना? रोज किती भरतं?"

तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. मग एकदम म्हणाली, "दहा किलोची पाटी आहे, बाबा. पाच भरतात. सहावी कधीच नाही."

"सूनबाई!" व्याही गरजले.

"तिच्यावर कशाला ओरडता?" दारातून सासूबाई बोलल्या आणि खोकल्यानं वाकल्या. श्वास सावरल्यावर म्हणाल्या, "तिच्याआधी पाट्या मीच उचलल्या. पाचच भरायच्या. मला तरी कुणी विचारलं होतं?"

व्याही तडक माळाच्या वाटेला लागले.

मिस्त्रीनं खड्ड्यात उडी मारली. मधल्या खुंटीची दोरी त्यानं दहातले तीन भाग आखूड केली आणि नवं वर्तुळ मारलं. खोली तीच, तळ निम्मा. रोजचा काला शंभर लिटर, टाकी चार हजारांची. भिंतीमागची पोकळी माती ठोकून भरायचं ठरलं. माल आवळायच्या आत तळ ओतून झाला.

लेकीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. हळूच म्हणाली, "मला आधीच विचारायचं होतंत, बाबा." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून त्याला ते जास्तच लागलं. तांब्या त्याच्या हातात तसाच राहिला.

टाकी बांधून झाली, पहिल्यांदा भरायचा दिवस आला. सकाळी मिस्त्री पोहोचला तेव्हा व्याही गोठ्याच्या दारात उभे होते आणि त्यांच्या हातात काटा होता. मिस्त्रीकडे न बघताच त्यांनी आत हाक मारली,

"सूनबाई, आज किती भरलं गं?"