टिळ्याखालचा नंबर

आमचे मालक सिद्धाराम बीडला आग विझवायचे सिलिंडर तपासतात आणि भरून देतात. लांबची गिऱ्हाइकं फोनवर फोटो पाठवतात. हे आधी आयएसआयचा शिक्का बघतात. त्याच्याखाली लायसनचा नंबर असतो, तो सरकारी ॲपवर टाकला की कारखाना कळतो. मग दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात हाय का ते, पिन, नळी.

मागल्या दसऱ्याला चौसाळ्याजवळच्या एका जिनिंगमधून आठ नव्या सिलिंडरांचे फोटो आले. खंडेनवमीला हत्यारांसोबत त्यांचीही पूजा झालेली. कुंकवाचा टिळा प्रत्येकाच्या लायसनच्या नंबरावरच. पुसून परत फोटो मागवतो, असं हे म्हणाले. मीच अडवलं. कालचं कुंकू पुसायला कसं सांगता, काटा तर हिरव्यात हाय की. मग ह्यांनी ‘बरोबर’ असं लिहून पाठवलं.

दिवाळीनंतर तिथला कापूस पेटला. राखणदार बद्रीनाथनं तीन सिलिंडरांच्या पिना ओढल्या, मुठी दाबल्या. पावडर आली नाही. तो दाबतच राहिला आणि भाजला. नवव्या दिवशी दवाखान्यात वारला.

नंतर ह्यांनी तिथं जाऊन टिळे पुसले. तो नंबर पंप बनवणाऱ्या भलत्याच कारखान्याचा निघाला. सिलिंडर रिकामे, तरी काटे हिरव्यातच चिकटवलेले.

तेव्हापासून जेवताना ह्यांचा हात मधेच थांबतो आणि मूठ आवळते. एकदा मला विचारलं, “त्यानं चौथंबी उचललं असतं का गं?” देवांना कुंकू लावताना माझं बोट अजून अडखळतं. महादेवाला काय मागावं, तेही कळत नाही.

यंदा दसऱ्यानंतर पाली गावाकडच्या मुलींच्या वसतिगृहातून रेक्टर दिपालीताईंनी फोटो पाठवले. चार सिलिंडर, धूर ओळखायची सहा यंत्रं. सुट्टी संपवून चाळीस मुली संध्याकाळी परतणार होत्या. सिलिंडरांवर टिळे होतेच. ह्यांनी फोटो बघितला आणि फोन माझ्या हातात दिला.

मी पुसायला सांगितलं. ताईंना राग आला.

“पोरी यायच्या दिवशी कुंकू का म्हून पुसायला लावता? तुमच्या घरी चालतं का असं?”

“न्हाई चालत. तरी पुसा. पाप माझ्या माथी.”

पाच मिनिटांनी ओल्या सिलिंडराचा फोटो आला. नंबर ॲपवर सापडेना. चारही सिलिंडरांचा काटा चिकटवल्यासारखा एकाच जागी, केसभरही इकडंतिकडं नव्हता. ह्यांनी एक यंत्र फिरवून खाली काढायला आणि उघडायला लावलं. आत लुकलुकणारा दिवा आणि सेल. धूर शिरायची काळी डबीच नव्हती.

ताईंचा आवाज बारीक झाला. “आता मुलींचं काय करू, दादा?”

खरा माल येईपर्यंत तिथं झोपवू नका, असं ह्यांनी सांगितलं. मुली त्या दिवशी गावातल्या मंगल कार्यालयात उतरल्या.

मला वाटलं, आज तरी हे पोटभर जेवतील. फोन ठेवून ते उंबऱ्यात बसले.

“पुसायला किती वेळ लागला गं?”

“पाच मिनिटं,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. “मागल्या सालीबी पाचच लागली असती.”